केअर प्लॅन तपासताना मॅडम काय पाहतात

वॉर्डात पोस्टिंग लागलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीकडे एक-दोन रुग्ण सोपवले जातात आणि त्यांचा केअर प्लॅन लिहून आणायला सांगितले जाते. या रुग्णाला नेमके काय होते आहे, त्यातले आधी काय हाताळायचे, कुठवर पोचायचे आणि पोचलो की नाही हे कसे तपासायचे, अशा चार प्रश्नांची उत्तरे त्या आखलेल्या रकान्यांत असतात. कॉलेजात त्यांना असेसमेंट, प्रायॉरिटी, गोल आणि इव्हॅल्युएशन म्हणतात. जीएनएम असो की बीएस्सी नर्सिंग, हे लेखन कुणालाच चुकत नाही. ते तपासणाऱ्या शिक्षिकेचे काम मात्र दिसते तितके सरळ नाही. पानभर सुबक अक्षरात लिहिलेला प्लॅन रुग्णाच्या दृष्टीने निरुपयोगी असू शकतो आणि खाडाखोडीने भरलेला एखादा प्लॅन नेमका निघू शकतो.

उदाहरणादाखल एक रुग्ण घेऊ. एकसष्ट वर्षांच्या बाई हार्ट फेल्युअरमुळे मेडिकल वॉर्डात दाखल आहेत. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झाल्याने शरीरात पाणी साठले आहे, फुप्फुसांत आणि पायांतही. विद्यार्थिनीने असेसमेंटच्या रकान्यात लिहिले आहे: ‘रुग्णाला दम लागतो, पायांवर सूज, अशक्तपणा, चिंता. श्वास मिनिटाला 20.’ तपासनिसाने प्रत्येकी पाच गुणांचे चार भाग ठरवले आहेत, असे धरू.

तपासणीची सुरुवात त्या ‘20’पासून होते. श्वासाचा आकडा ही वॉर्डातली सर्वांत दुर्लक्षित नोंद असते. नाडी आणि ऑक्सिजन यंत्र दाखवते, ताप थर्मामीटर दाखवतो. श्वास मात्र छातीकडे पाहत मिनिटभर मोजावा लागतो आणि रुग्णाला ते कळू न देता, कारण कळले की श्वासाची लय बदलते. घाई असली की अंदाजाने 18 किंवा 20 लिहिले जाते. टीपीआर चार्टवर ओळीने सगळ्या रुग्णांचा श्वास 20 दिसला, तर तो मोजलेला नाही हे अनुभवी सिस्टर लगेच ओळखतात. म्हणून शिक्षिका कागद घेऊन खाटेपाशी जातात आणि स्वतः मोजतात. भरतात 28. मधल्या वेळात बाईंची तब्येत बदललीही असेल, ही शक्यता उरतेच. पण विद्यार्थिनीने नोंदीची वेळच लिहिलेली नसल्याने तिला त्याचा फायदा देता येत नाही.

रकान्यात नसलेल्या गोष्टीही तितक्याच बोलक्या असतात. या बाई रात्री तीन उशा घेऊन, जवळजवळ बसून झोपतात. ‘आडवं पडलं की जीव गुदमरतो,’ हे त्यांनी स्वतः सांगितलेले वाक्य प्लॅनमध्ये त्यांच्याच शब्दांत यायला हवे होते. रुग्ण सांगतो ते आणि आपण मोजतो ते वेगवेगळे लिहायचे, हा असेसमेंटचा पाया आहे. दहा दिवसांपूर्वीच्या ओपीडीच्या कागदावर त्यांचे वजन 60 किलो आहे, आज काटा 64 दाखवतो. इतक्या थोड्या दिवसांत चार किलो चरबी चढत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा हे वजन मुख्यतः साठलेल्या पाण्याचे आहे. आदल्या दिवशी त्यांच्या पोटात सुमारे 1900 मिलि पाणी गेले आणि लघवी 800 मिलि झाली, हे इनटेक-आउटपुट चार्टवर लिहिलेले आहे. ‘पायांवर सूज’ या दोन शब्दांपेक्षा हे आकडे कितीतरी जास्त सांगतात. सूज तरी कुठवर आहे, बोटाने दाबल्यावर खळगा राहतो का, याचाही उल्लेख नाही. दम आणि सूज टिपल्याबद्दल दोन गुण, चुकलेल्या श्वासाबद्दल आणि वजन सुटल्याबद्दल तीन वजा.

पुढचा रकाना प्राधान्यक्रमाचा. विद्यार्थिनीचा क्रम असा आहे: चिंता, आजाराविषयी माहितीचा अभाव, झोपमोड आणि शेवटी श्वासाचा त्रास. असे का झाले हे समजू शकते. बाई सारख्या ‘मला काय झालंय?’ विचारत होत्या आणि जे कानावर जास्त पडले ते वर गेले. काही विद्यार्थिनी पहिल्या ओळीत थेट ‘हार्ट फेल्युअर’ लिहितात, तेही चालत नाही. ते डॉक्टरांचे निदान झाले. नर्सने लिहायची ती तिच्या कक्षेतली अडचण, तिचे कारण आणि तिची चिन्हे. अशा नर्सिंग निदानांची एकसारखी भाषा ठरवण्याचे प्रयत्न अमेरिकेत 1973मध्ये सेंट लुईस इथल्या परिषदेपासून सुरू झाले. त्यातून पुढे आलेल्या ‘नांदा’ या संस्थेच्या याद्या आज आपल्याकडेही शिकवल्या जातात.

क्रम तपासताना शिक्षिका एकच प्रश्न विचारतात: यातल्या कोणत्या गोष्टीने या बाईंना आज रात्री धोका होऊ शकतो? मग उत्तर आपोआप मांडले जाते. सर्वांत आधी श्वास, कारण ऑक्सिजन न लावता त्यांचे प्रमाण 89 टक्के आहे. त्याला लागूनच शरीरात साठलेले पाणी, कारण श्वासाच्या त्रासाचे मूळ तिथेच आहे. या दोन गोष्टी वेगळ्या काढून लिहिल्या आणि त्यांचा संबंध दाखवला नाही, तरी एखादा गुण जातो. तिसरा धोका विद्यार्थिनीला दिसलाच नाही. लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड सुरू झाले आहे. दम लागलेल्या, अशक्त बाई रात्री पुन्हा पुन्हा उठून बाथरूमकडे जाणार. औषधाने रक्तदाब उतरला तर उभे राहताच चक्कर येऊ शकते. म्हणजे पडण्याचा धोका चिंतेच्या वर यायला हवा. चिंता खोटी नाही आणि ती यादीतून काढायचीही नाही. पण दम कमी झाला की तीही बरीच ओसरते आणि आजाराची माहिती धाप लागलेल्या माणसाला देऊन उपयोग नसतो, ती नंतर निवांतपणे द्यायची. श्वासाची अडचण यादीत निदान आहे, म्हणून इथे पाचपैकी दोन.

गोलच्या रकान्यात तीन वाक्ये आहेत: ‘रुग्णाला बरे वाटेल’, ‘रुग्णाला ऑक्सिजन देणे’, ‘एका दिवसात सूज नाहीशी होईल’. तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने चुकतात. पहिले मोजता येत नाही. दुसरे मुळात ध्येय नाही, ते नर्सचे काम आहे. ध्येय रुग्णात काय बदल दिसेल ते सांगते. तिसऱ्याला वेळ आहे, पण ते घडणार नाही. पायातले पाणी इतक्या झपाट्याने उतरत नसते.

याऐवजी असे लिहिता आले असते: ‘उद्या सकाळी आठपर्यंत, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात ऑक्सिजन सुरू असताना, श्वास मिनिटाला 22 किंवा कमी आणि ऑक्सिजनचे प्रमाण 94 टक्के किंवा अधिक असेल. वजन आजच्यापेक्षा अर्धा ते एक किलोने कमी असेल. बाई दोन उशांवर झोपू शकतील.’ यात कोण, काय, किती आणि कधीपर्यंत हे सगळे आहे. दुसरी नर्सही उद्या तेच मोजून तोच निष्कर्ष काढू शकेल. मात्र आकडे पुस्तकातून उचलायचे नसतात. हीच बाई फुप्फुसांच्या जुन्या आजाराची, म्हणजे सीओपीडीची, असती तर ऑक्सिजनचे लक्ष्य सहसा 88 ते 92 टक्के ठेवले असते, कारण अशा काही रुग्णांना जास्त ऑक्सिजन घातक ठरतो. लक्ष्य या रुग्णाचे आहे का, हे पाहिल्याशिवाय या रकान्याचे गुण देता येत नाहीत. विद्यार्थिनीला इथे एकच गुण मिळतो, तो निदान वेळेची मर्यादा घातल्याबद्दल.

शेवटच्या रकान्यात दोनच शब्द आहेत, ‘पार्शली मेट’, म्हणजे ध्येय अंशतः साध्य. हा रकाना बहुतेक प्लॅनमध्ये सर्वांत कच्चा असतो, आणि अनेकदा तो प्लॅनसोबत आदल्या दिवशीच लिहून झालेला असतो. प्लॅन सादर करण्याची वेळ सकाळी आठच्या आधीची असेल आणि त्यात सकाळी आठचा निकाल असेल, तर वेगळा पुरावा लागत नाही.

खरे पुनरावलोकन दोन टप्प्यांत असते. आधी ठरवायचे की काय, किती वेळाने पाहणार. श्वास आणि ऑक्सिजन दर दोन तासांनी, लघवीचे माप प्रत्येक वेळी, वजन रोज सकाळी लघवी करून आल्यावर, न्याहारीआधी आणि त्याच काट्यावर. काटा बदलला किंवा वजन जेवणानंतर घेतले, तर अर्ध्या किलोच्या फरकाला अर्थ राहत नाही. ऑक्सिजन 90च्या खाली गेला किंवा लघवी तासाला 30 मिलिपेक्षा कमी झाली, तर सिस्टर आणि डॉक्टरांना लगेच कळवायचे, हेही आधीच लिहायचे.

मग येतो निकाल. समजा सकाळी आठला वजन 63.2 किलो, श्वास 24, ऑक्सिजन 95 टक्के भरला आणि झोपताना तीन उशा लागल्याच. वजनाचे आणि ऑक्सिजनचे ध्येय गाठले, श्वासाचे आणि उशांचे राहिले. यावर निर्णय हवा: पाठीला टेका देऊन बसवणे सुरू ठेवायचे, श्वासाच्या ध्येयाला आणखी 24 तास द्यायचे, आणि लघवी भरपूर झाल्याने पोटॅशियमचा रिपोर्ट आला का ते पाहायचे, कारण फ्युरोसेमाइडने ते घटते. असे लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला पूर्ण पाच गुण मिळायला हवेत, दोन ध्येये हुकलेली असली तरी. गुण रुग्णाच्या सुधारणेला दिले, तर मुली सुधारणा कागदावरच घडवून आणू लागतात. आपल्या विद्यार्थिनीने असा कोणताच निर्णय लिहिलेला नाही, म्हणून शून्य. एकूण वीसपैकी पाच.

हा आकडा दुसऱ्या शिक्षिकेने तपासल्यावरही जवळपास तेवढाच यायला हवा, आणि तिथे अडचण असते. नुसते ‘असेसमेंट: पाच गुण’ एवढेच ठरले असेल तर एक जण चार देते, दुसरी दोन. म्हणून गुणांच्या प्रत्येक पायरीला वर्णन लागते. गोलच्या रकान्यात पाच म्हणजे मोजता येणारे, वेळ घातलेले आणि या रुग्णाला शोभणारे ध्येय, तीन म्हणजे मोजता येते पण वेळ किंवा रुग्णाशी मेळ नाही, एक म्हणजे दिशा योग्य पण माप नाही. तपासणीआधी दोघींनी तोच एक प्लॅन वेगवेगळा तपासून गुण ताडून पाहिले, तर मतभेद कुठल्या पायरीवर आहे ते उघड होते आणि वर्णन दुरुस्त करता येते. सगळ्यांचा आधी असेसमेंटचा रकाना, मग सगळ्यांचा प्रायॉरिटीचा, असे तपासल्यास सुबक अक्षराचा किंवा पहिल्या चांगल्या रकान्याचा प्रभाव पुढच्या गुणांवर कमी पडतो.

लेखी प्लॅनवरून हाताचे कौशल्य कळत नाही, म्हणून शिक्षिका खाटेपाशी दोन प्रश्न जोडतात. ‘हा 20 कधी आणि कसा मोजलास?’ आणि ‘आता हिच्यासाठी पहिलं काय करशील?’ ज्या मुलीला दुसऱ्याचे उत्तर लगेच देता येते पण ते कागदावर उतरलेले नाही, तिला लिहिण्याचा सराव हवा. जिला कागदावरचे वाक्य समजावून सांगता येत नाही, तिचा प्लॅन बहुधा दुसऱ्या कुणाच्या वहीतून आलेला असतो. पहिलीला तोच प्लॅन दुरुस्त करून आणायला सांगितला जातो. दुसरीला नवा रुग्ण दिला जातो आणि असेसमेंट शिक्षिकेसमोर करायला लावले जाते.