ड्राइव्ह जोडलाच नव्हता, अहवाल मात्र आला

एखाद्या पतसंस्थेचं कार्यालय डोळ्यांसमोर आणा. कर्जाची सगळी कागदपत्रं स्कॅन करून एका नेटवर्क स्टोरेजच्या पेटीत, म्हणजे नॅसवर, ठेवलेली आहेत. त्या 48 हजार पीडीएफ फाइली आहेत असं धरू. शेजारी एक छोटा लिनक्स सर्व्हर आहे. रोज रात्री 2 वाजता तो या फाइली चाळतो आणि सकाळी व्यवस्थापकांना एक ओळीचा ईमेल पाठवतो. स्कॅन चालू असताना नेटवर्क तुटलं तर कधीकधी नावापुरती फाइल तयार होते आणि आत काहीच नसतं. अशा फाइली शोधणं हे त्या तपासणीचं काम. ईमेलमध्ये कधी ‘रिकाम्या फाइली : 3’ असतं, कधी 5. शून्य आलं की सगळ्यांना बरं वाटतं.

एका रात्री वीज जाते, यूपीएसही संपतो आणि दोन्ही यंत्रं बंद पडतात. वीज परत आल्यावर सर्व्हर मिनिटभरात उभा राहतो. नॅसला मात्र आपल्या डिस्क तपासून सुरू व्हायला काही मिनिटं लागतात. सर्व्हर उठताना नॅसवरचा शेअर जोडायला जातो, थोडी वाट पाहतो, उत्तर येत नाही. तेव्हा तो लॉगमध्ये तशी नोंद करतो आणि पुढच्या कामाला लागतो. एका शेअरपायी सगळा सर्व्हर अडवून ठेवू नये म्हणून व्यवस्थाच तशी ठेवलेली असते आणि ती योग्यही आहे. पुढे 2 वाजता तपासणी ठरल्याप्रमाणे चालते. सकाळी ईमेल येतो : ‘रिकाम्या फाइली : 0’.

हे शून्य खोटं आहे, कारण त्या रात्री एकही फाइल पाहिली गेली नाही.

असं का होतं हे कळायला शेअर ‘माउंट’ होतो म्हणजे काय होतं ते पाहायला हवं. लिनक्समध्ये नॅसवरचा शेअर `/mnt/karj` अशा एखाद्या ठिकाणी जोडतात. हे `/mnt/karj` मुळात सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरचं एक साधं, रिकामं फोल्डर असतं. शेअर जोडला की त्या फोल्डरमध्ये नॅसवरचं सगळं दिसू लागतं आणि खालचं मूळ फोल्डर झाकलं जातं. शेअर सुटला की ते पुन्हा उघडं पडतं. त्याचा पत्ता तोच, नावही तेच. त्यामुळे तपासणीच्या स्क्रिप्टला चुकीच्या जागी आल्याचं कळायला काही वावच नसतो. स्क्रिप्टमधली ओळ अशी :

```
find /mnt/karj -name '*.pdf' -empty | wc -l
```

शेअर जोडलेला नसताना ही ओळ चालवली तर उत्तर येतं 0. त्रुटीचा संदेश नाही, इशारा नाही, आणि काम संपल्यावर सांगितला जाणारा निकालही ‘यशस्वी’. संगणकाच्या दृष्टीने त्यात खोटं काहीच नाही. फोल्डर होतं, ते उघडता आलं, त्यात पीडीएफ नव्हत्या. जनगणनेची घरयादी करणारा प्रगणक कुलूप असलेलं घर आणि कोणी राहत नसलेलं घर यांची नोंद वेगवेगळी करतो. आपल्या स्क्रिप्टमध्ये मात्र ‘कुलूप’ हा रकानाच नाही.

शिवाय हे लवकर लक्षातही येत नाही. कार्यालयातले कर्मचारी आपापल्या संगणकावरून थेट नॅसवर जातात. नॅस एव्हाना नीट सुरू झालेला असतो आणि त्यांना प्रत्येक कर्जाचं स्कॅन उघडता येतं. शेअर तुटलाय तो फक्त सर्व्हरपुरता. कोणी मुद्दाम पुन्हा जोडेपर्यंत रोज रात्री रिकाम्या फोल्डरची तपासणी होत राहते आणि रोज सकाळी शून्य येतं. त्रुटी शोधणाऱ्या कामात शून्य ही आनंदाची बातमी असते, आणि आनंदाच्या बातमीची शहानिशा सहसा कोणी करत नाही. हीच स्क्रिप्ट ‘एकूण फाइली’ मोजत असती, तर शून्य पाहून पहिल्याच दिवशी कुणीतरी दचकलं असतं.

तपासणीचा अहवाल चुकला तर नुकसान मर्यादित असतं. त्याच रात्री त्याच सर्व्हरवर बॅकअपही होत असेल, तर प्रकरण फार गंभीर होतं. बॅकअपची आज्ञा बहुतेकदा अशी असते :

```
rsync -a --delete /mnt/karj/ /backup/karj/
```

यातल्या `--delete` चा अर्थ असा की मूळ ठिकाणी जे नाही ते बॅकअपमधूनही काढून टाकायचं. दोन्हीकडचं चित्र सारखं राहावं म्हणून लोक हा पर्याय घेतात आणि एरवी तो उपयोगी आहे. पण आज मूळ ठिकाण रिकामं दिसतंय. म्हणून `rsync` 48 हजार फाइलींचा बॅकअप पुसून टाकतो आणि काम यशस्वी झाल्याचं सांगतो. `rsync` मध्ये एक सुरक्षेची सोय आधीपासून आहे : मूळ फाइली वाचताना त्रुटी आली तर तो पुसण्याचं काम आपणहून थांबवतो. पण इथे वाचताना त्रुटी येतच नाही. रिकामं फोल्डर अगदी नीट वाचता येतं, म्हणून ती सोय जागीच होत नाही. वीज जाऊन-येऊन डिस्कला धक्का बसण्याची भीती असते तेव्हाच दुसरी प्रत नाहीशी झालेली असते, हे मला या सगळ्यात सर्वांत वाईट वाटतं.

संशय आला तर पडताळायला वेळ लागत नाही. पहिली खूण म्हणजे कामाला लागलेला वेळ. 48 हजार फाइली नेटवर्कवरून चाळायला रोज काही मिनिटं लागत असतील आणि आज काम सेकंदाच्या आत संपलं असेल, तर ते काम झालेलंच नाही. दुसरी खूण `df /mnt/karj` ही आज्ञा देते. शेअर जोडलेला असेल तर पहिल्या रकान्यात नॅसचं नाव दिसतं, नसेल तर सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कचं.

उपायाची सुरुवात अहवालाच्या ओळीपासून करावी. ‘रिकाम्या फाइली : 0’ ऐवजी ‘तपासलेल्या फाइली : 48,312, त्यांपैकी रिकाम्या : 0’ असं लिहिलं की शेअर सुटल्याच्या दिवशी दोन्ही आकडे शून्य येतील आणि ते तांत्रिक माहिती नसलेल्या माणसालाही खटकेल. पण ईमेल वाचणाऱ्या माणसावर सगळं सोपवणं बरोबर नाही. स्क्रिप्टनेच आधी खात्री करावी.

अनेकजण त्यासाठी `mountpoint -q /mnt/karj` वापरतात. या जागी काहीतरी जोडलेलं आहे का, एवढं ती आज्ञा सांगते, आणि तेवढं पुरत नाही. गरज पडेल तेव्हाच शेअर जोडणारी ऑटोमाउंटची पद्धत वापरली असेल, तर प्रत्यक्ष शेअर जोडला गेलेला नसतानाही उत्तर ‘होय’ येतं. दुसरी शक्यता अशी की शेअर जोडलेला आहे, पण नॅसच्या आतली डिस्कच सुरू झालेली नाही आणि नॅस स्वतःच रिकामं फोल्डर पुढे करतोय. म्हणून नॅसवरच्या शेअरमध्ये एक छोटी खुणेची फाइल कायमची ठेवावी आणि ती दिसली तरच पुढे जावं :

```
SRC=/mnt/karj
if ! mountpoint -q "$SRC" || [ ! -f "$SRC/.share-ok" ]; then
  echo "शेअर जोडलेला नाही, तपासणी झाली नाही" >&2
  exit 2
fi
```

इथे दोन्ही अटी एकत्र का? खुणेची फाइलही बॅकअपमध्ये जाते. उद्या कोणी शेअर सुटलेला असताना बॅकअप उलटा `/mnt/karj` मध्ये उतरवला, तर ती खूण सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर येऊन बसेल आणि त्यानंतर कायम खोटी ग्वाही देत राहील. एक अट जिथे फसते तिथे दुसरी पकडते. शेवटच्या `exit 2` मुळे वेळापत्रक चालवणाऱ्या व्यवस्थेला काम अयशस्वी झाल्याचं कळतं आणि व्यवस्थापकांकडे शून्याऐवजी ‘तपासणी झाली नाही’ हे वाक्य जाऊ शकतं. बॅकअपच्या आज्ञेत `--max-delete=200` असं घातलं, तर 200 फाइली पुसून झाल्यावर `rsync` पुढचं पुसणं सोडून देतो आणि 25 हा त्रुटीचा क्रमांक देतो. 200 गेल्या तरी 47 हजारांहून जास्त वाचतात. आकडा आपल्या कामाप्रमाणे ठरवावा. एका दिवसात खरोखर किती कागदपत्रं काढली जातात, त्याच्या थोडा वर.

विंडोज वापरणाऱ्यांकडे हाच प्रकार दुसऱ्या वाटेने येतो. तिथे शेअरला `Z:` असं अक्षर देतात. ते अक्षर त्या संगणकाचं नसतं, लॉगिन केलेल्या माणसाच्या त्या सत्रापुरतं असतं. टास्क शेड्यूलरमध्ये `Run whether user is logged on or not` निवडलं की काम वेगळ्या सत्रात चालतं आणि तिथे `Z:` अस्तित्वातच नसतो. आता खरं तर त्रुटी यायला हवी. पण पायथनचं `os.walk` नसलेल्या पत्त्यावरही तक्रार करत नाही, कारण फोल्डर वाचताना आलेली त्रुटी मूळ मांडणीतच ते सोडून देतं :

```
sum(len(f) for _, _, f in os.walk(r'Z:\karj'))
```

उत्तर 0. स्वतः बसून हीच ओळ चालवली तर 48 हजार येतात, आणि मग ‘मी चालवलं की बरोबर चालतं’ म्हणत लोक तासन्‌तास दुसरीकडेच चूक शोधत बसतात. अक्षर सोडून `\\nas\karj` असा पूर्ण पत्ता लिहिला आणि ज्या खात्यावर काम चालतं त्या खात्याला शेअरची परवानगी दिली, तर हा घोळ मिटतो. खुणेच्या फाइलीची अट मात्र इथेही ठेवावीच, कारण पूर्ण पत्ता लिहूनही नॅस बंद असूच शकतो.

एक जागा यातूनही सुटते. सुरुवातीला शेअर जोडलेला होता आणि निम्म्या कामात तुटला, तर पहिल्या तपासणीला ते दिसणार नाही. काम संपल्यावर तीच अट पुन्हा एकदा पाहावी, आणि ती पूर्ण झाली नाही तर मधला आकडा अहवालात घालू नये.

हे सगळं बसवल्यावर चाचणी घ्यायची ती शेअर जोडलेला असताना नाही. दुपारच्या वेळी `umount /mnt/karj` करून शेअर मुद्दाम सोडवावा आणि तपासणीची स्क्रिप्ट हाताने चालवावी. बॅकअपची आज्ञा चालवताना तिला `--dry-run -v` जोडावं, म्हणजे प्रत्यक्षात काही पुसलं जाणार नाही, काय पुसलं गेलं असतं त्याची माहिती मात्र मिळेल. स्क्रिप्ट ‘शेअर जोडलेला नाही’ म्हणून थांबली तर ठीक. तिने शून्य दिलं, तर आजवर आलेल्या प्रत्येक शून्याच्या रात्रीचा लॉग उघडून शेअर त्या वेळी जोडलेला होता का, ते पाहायला लागेल.