फोटोत जांभळा, हातात वांगी

ब्लाउजच्या ऑनलाइन विक्रीत मापाची तक्रार आली तर शिलाई उसवून दुरुस्ती करता येते. रंगाच्या तक्रारीला तसा उपाय नाही, कारण कापड बदलल्याशिवाय रंग बदलत नाही. शिवाय दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या जागी खरे बोलत असतात. विकणारी म्हणते, मी फोटोला हात लावलेला नाही. घेणारी म्हणते, मी फोटोत पाहिला तो रंग हा नाही. एका नव्या शिवणकाम करणाऱ्या मुलीचे उदाहरण घेतले, तर ही तक्रार कुठून उगवते आणि ती कशी हाताळायची, हे क्रमाने पाहता येईल.

आयटीआयमध्ये शिवणकामाचा कोर्स करून साताऱ्यात घरीच मशीन टाकलेली ही मुलगी. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज आणि फॉल-पिको यांवर तिचे काम चालते. तिने खणाचा एक तयार ब्लाउज शिवला, ३६ मापाचा, कोपरापर्यंत बाही, आत सुती अस्तर. त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला आणि खाली लिहिले, 'जांभळा खण, ८५० रुपये'. पुण्याच्या एका बाईंनी तो घेतला, पैसे आधीच पाठवले. गावाबाहेरचे हे तिचे पहिलेच गिऱ्हाईक. पार्सल पोहोचले त्या रात्री निरोप आला, "ताई, फोटोत जांभळा होता, हातात आला तो वांगी. माझ्या इरकल साडीवर अजिबात जात नाही. नऊ दिवसांवर लग्न आहे."

अशा वेळी पहिले उत्तर बहुतेक वेळा चुकते. 'मोबाइलच्या स्क्रीनमुळे रंगात थोडा फरक पडतोच' हे वाक्य तयारच असते आणि ते पूर्ण खोटेही नसते. पण फरक नेमका कुठे पडला हे पाहण्याआधीच ते लिहिले, तर समोरच्या बाईंना ती पळवाट वाटते. या मुलीने लिहिले, "काकू, पैसे किंवा दुसरा ब्लाउज, जे हवे ते देते. फक्त उद्या सकाळी खिडकीजवळ, ट्यूब बंद करून, ब्लाउजशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून एक फोटो पाठवाल का? चूक माझ्या फोटोत आहे का, ते मला बघायचे आहे." परताव्याची खात्री आधी आणि चौकशी नंतर, हा क्रम महत्त्वाचा. उलट क्रमाने विचारले तर गिऱ्हाइकाला आपली उलटतपासणी चालली आहे असे वाटते.

कागद कशासाठी, तर फोन स्वतःहून रंग बदलतो म्हणून. प्रकाश पिवळा असो वा निळसर, पांढरी वस्तू पांढरीच दिसावी यासाठी कॅमेरा समोरच्या दृश्याचा अंदाज घेऊन रंग सावरत असतो. यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. दृश्यात एकच रंग फार असला, की हा अंदाज फसतो. पिवळ्या चादरीवर ब्लाउज पसरला, तर कॅमेऱ्याला वाटते की प्रकाशच पिवळा आहे, आणि तो पिवळेपणा मारण्यासाठी सगळ्या चित्रात निळा मिसळतो. चादर थोडी फिकी दिसते एवढेच, पण लालसर जांभळा कपडा सरळ निळ्याकडे झुकतो. शेजारी पांढरा कागद असला तर हा घोळ लगेच पकडता येतो. कागद फोटोत पांढरा दिसत असेल, तर बाजूच्या रंगावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. कागदच निळसर किंवा पिवळट दिसत असेल, तर त्या फोटोवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोटो आला. त्यात कागद पांढरा होता आणि ब्लाउज वांगी. मुलीने शिवणातून उरलेली त्याच खणाची कतरण काढली आणि ओसरीच्या सावलीत दिवसाउजेडी स्वतःच्या जुन्या फोटोशेजारी धरली. कतरण वांगी होती, फोटो जांभळा. त्या फोटोत तिने मोहरी रंगाची चादर पसरली होती, वर घरातली ट्यूब होती, आणि ब्लाउजला टाचलेली मापाची पांढरी चिठ्ठी स्पष्ट निळसर दिसत होती. विक्रीच्या दिवशी त्या चिठ्ठीकडे कुणाचेच लक्ष गेले नव्हते. दोष फोटोचा ठरला. कतरण आणि जुना फोटो एकसारखे निघाले असते, तर संशय काकूंच्या फोनवर गेला असता. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळट करणारी सोय बऱ्याच फोनमध्ये असते आणि ती चालू असताना कापडाचा रंग निवडू नये. काही फोन रंग मुद्दाम भडकही दाखवतात. ते विकणाऱ्याच्या हातात नसते.

खणाच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. बऱ्याच खणांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण ज्यांनी हातात घेतला आहे त्यांना हे ठाऊक असते. कापड किंचित तिरपे केले की कधी एक धागा पुढे येतो, कधी दुसरा. या ब्लाउजचा उभा धागा निळा होता आणि आडवा राणी रंगाचा. एका कोनातून घेतलेला एकच फोटो अशा कापडाचा अर्धाच रंग सांगतो. त्यातून जांभळा हा मुळातच कॅमेऱ्याला अवघड रंग. तो लाल आणि निळा या दोन टोकांचा मिळून बनतो, आणि या टोकांना कॅमेरा आपल्या डोळ्यासारखा प्रतिसाद देत नाही. म्हणून जांभळी साडी फोटोत निळी येण्याचा अनुभव घरोघरी असतो. मोरपंखीचेही तसेच होते.

मुलीने काकूंना कारण दोन ओळींत कळवले आणि दुसरा ब्लाउज हवा की पैसे, हे विचारले. काकूंना ब्लाउजच हवा होता. मग तिने साडीच्या आतल्या टोकाची, निऱ्यांत खोचली जाणारी, दोन बोटे रुंद पट्टी कापून परतीच्या पार्सलमध्ये घालायला सांगितले. नुसता धागा पाठवला तर एकटा धागा कापडापेक्षा वेगळा दिसतो. पट्टी मिळत नसेल, तर धागा कार्डाच्या तुकड्यावर शेजारीशेजारी दहा-पंधरा वेढे देऊन गुंडाळावा, म्हणजे निदान रंगाचा पट्टा तरी दिसतो. फोटो मात्र तिने मागितला नाही. ज्या साधनाने घोळ केला, त्याच्याकडेच पुन्हा निवाडा मागण्यात हशील नव्हते.

पट्टी घेऊन ती बाजारातल्या मॅचिंग सेंटरमध्ये गेली. तिथे दोन कापडे पट्टीशी तंतोतंत जुळली. मुरलेल्या बायका अशा वेळी कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर उजेडात जातात, ती सवय खरोखर शहाणपणाची आहे. पायरीवरही दोन्ही जुळली. पण लग्नाचा स्वागतसमारंभ संध्याकाळचा, हॉलमध्ये पिवळे दिवे. म्हणून तिने दुकानदाराकडून दोन्हींचे चार बोटांचे नमुने घेतले आणि घरी पिवळ्या बल्बखाली पट्टीशेजारी धरले. एक नमुना तसाच राहिला, दुसरा तपकिरीकडे झुकला. दोन कापडे वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवली असतील, तर एका प्रकाशात जुळूनही दुसऱ्या प्रकाशात ती वेगळी दिसू शकतात. रंगशास्त्रात याला मेटॅमेरिझम म्हणतात आणि कापड गिरण्यांमध्ये यासाठी वेगवेगळ्या दिव्यांची पेटी ठेवून नमुने तपासले जातात. घरी दिवसाचा उजेड आणि एक पिवळा बल्ब एवढ्यावर पुष्कळ काम भागते. तिने न झुकलेले कापड घेतले, शिवले आणि लग्नाच्या तीन दिवस आधी पाठवले.

हिशेबही पाहण्यासारखा आहे. ८५० रुपयांत खण, अस्तर, हुक-दोरा मिळून ३६० रुपये गेले होते. परतीच्या आणि नव्या पार्सलचे मिळून १४० रुपये तिने स्वतः सोसले. एका दिवसाची मजुरी दुसऱ्यांदा गेली ती वेगळीच. पहिला ब्लाउज वाया गेला नाही. तो तयार मापाचा होता आणि आत दोन्ही बाजूंना दीड इंच मार्जिन ठेवलेली होती, त्यामुळे ३८ किंवा ४० लाही सैल करता येण्यासारखा होता. नव्या फोटोसह, 'वांगी रंग, तिरपा धरल्यास निळी झाक' असे लिहून तो पुन्हा विक्रीला लागला. हाच ब्लाउज काकूंच्या मापाने बेतून शिवलेला असता, तर परत आल्यावर तो बहुधा पडूनच राहिला असता. म्हणून मापाच्या कामात कापडाला कात्री लावण्याआधीच रंग पक्का करून घ्यायला हवा.

तिने पैसे परत करायची तयारी दाखवली ती भलेपणाने, पण कायद्याची बाजूही तीच आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम विक्री-मंचावरच्या विक्रेत्याला सांगतात की, जाहिरातीत दाखवलेल्या गुणांप्रमाणे वस्तू नसेल तर ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येणार नाही. 'रंगात फरक पडू शकतो' ही तळटीप किरकोळ छटेपुरती चालेल. जांभळ्याच्या जागी वांगी आल्यावर तिचा आधार घेणे कठीण आहे.

त्यानंतर तिच्या कामात जे बदल झाले ते साधेच आहेत. फोटो सकाळी ओसरीच्या सावलीत, थेट ऊन टाळून, पांढऱ्या चादरीवर काढले जातात. कागदाचा तुकडा चौकटीत राहतो, तो कापून टाकला जात नाही. खणाचा एक छोटा व्हिडिओ असतो, त्यात कापड हाताने हळू तिरपे केलेले दिसते. फोटो तयार झाला की कतरण स्क्रीनशेजारी धरून पाहायची आणि पटले नाही तर तो फोटो टाकून द्यायचा. रंगाचे नाव रोजच्या वस्तूवरून लिहायचे: वांगी, डाळिंबी, आमसुली, लिंबू. एवढे करूनही जांभळा आणि मोरपंखी नीट येतील याची खात्री नसते. या दोन रंगांसाठी ती आधी कतरण साध्या टपालाने पाठवते आणि होकार आल्यावरच पैसे घेते.

साडीवर मॅचिंग ब्लाउज लांबून मागवायचा असेल, तर शिवणाऱ्या बाईला साडीचा फोटो न पाठवता साडीची पट्टी पाठवावी, आणि समारंभ दिवसाचा आहे की रात्रीचा, तेही त्याच पाकिटात लिहून कळवावे.