पाच वर्षांच्या देण्यासाठी सहा वर्षांचा रोखा

एका ट्रस्टला बरोबर पाच वर्षांनी १४,६९,३२८ रुपये द्यायचे आहेत. हातात आज १० लाख आहेत आणि बाजारात व्याज ८ टक्के. दरसाल कूपन देणारा पाच वर्षांचा सरकारी रोखा घेतला की काम झालं, असं कोणालाही वाटेल. पण त्यात एक गोम आहे. दरवर्षी हातात येणारे ८० हजारही ८ टक्क्यांनीच गुंतवता आले, तरच हा हिशेब जुळतो. रोखा घेतल्यावर लगेच दर ७ टक्क्यांवर उतरला, तर शेवटी जमतात १४,६०,०५९. म्हणजे नऊ हजारांहून जास्त तूट.

ब्रिटिश विमागणिती फ्रँक रेडिंग्टन यांनी १९५२ साली यावर जो तोडगा मांडला, त्याला ‘इम्युनायझेशन’ म्हणतात. पाहायचं ते रोख्याच्या मुदतीकडे नाही, ड्युरेशनकडे. रोख्याचे पैसे सरासरी किती वर्षांनी हातात येतात, तो काळ म्हणजे ड्युरेशन. ही सरासरी काढताना प्रत्येक रकमेला तिच्या आजच्या किमतीइतकं वजन द्यायचं. कूपनं आधी येत असल्याने पाच वर्षांच्या रोख्याचं ड्युरेशन भरतं जेमतेम ४.३ वर्षं. सहा वर्षांच्या रोख्याचं मात्र ४.९९, जवळपास पाच.

मग ट्रस्टने सहा वर्षांचा रोखा घ्यावा आणि पाचव्या वर्षी तो विकावा. दर ७ टक्के झाला तर कूपनं व्याजासह ४,६०,०५९ होतात, पण वर्षभर बाकी असलेला रोखा १०,०९,३४६ ला जातो. बेरीज १४,६९,४०५. दर ९ झाला तर रोखा ९,९०,८२६ वर घसरतो, पण कूपनांचे ४,७८,७७७ होतात आणि बेरीज १४,६९,६०३ भरते. दोन्हीकडे देणं भागतं, वर थोडे रुपये उरतात.

मात्र एकदा जुळवून स्वस्थ बसता येत नाही, आणि नेमकं तिथेच अनेकजण गाफील राहतात. कूपनं नुसती बँकेत साठवत गेलं, तर चार वर्षांनी देणं एका वर्षावर आलेलं असतं, पण रोखे आणि रोकड मिळून सरासरी निघते १.४२ वर्षं. त्या क्षणी दर ९ टक्क्यांवर गेला तर साडेपाच हजार कमी पडतात. म्हणून अधूनमधून ड्युरेशन पुन्हा मोजून रोखे बदलावे लागतात. शेवटच्या वर्षी तर सगळं विकून ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं घेणं सर्वात सोपं.

दुसरी अडचण अशी, की हे गणित सगळ्या मुदतींचे दर एकदम, सारखेच हलतील असं धरून चालतं. काही पैसे एक वर्षाच्या आणि बाकीचे दहा वर्षांच्या रोख्यांत घालूनही पाचच्या आसपास सरासरी साधता येईल. पण अल्प मुदतीचे दर उतरले आणि दीर्घ मुदतीचे चढले, तर दोन्हीकडून मार बसतो. त्यामुळे येणारे पैसे देण्याच्या तारखेभोवती जितके दाटीने असतील तितकं बरं. मधली कूपनंच नसलेला, त्याच तारखेला फिटणारा शून्य-कूपन रोखा मिळाला, तर पुनर्गुंतवणुकीची जोखीम उरतच नाही. सरकारी रोख्यांची कूपनं वेगळी करून असे तुकडे आपल्याकडेही विकले जातात, पण हव्या तारखेचा, हव्या रकमेचा तुकडा मिळेलच असं नाही.