भोकं जुळली, पण दाब?

प्रोसेसरचा कूलर सहसा जुना होत नाही. पंखा खुरखुरायला लागला तर तो बदलता येतो. तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनिअमच्या पात्या मात्र वर्षानुवर्षं तेच काम तितक्याच चांगल्या प्रकारे करतात. त्यामुळे नवा प्रोसेसर आणि मदरबोर्ड घेताना जुना कूलर वापरायचा विचार रास्तच आहे. तो अडतो कूलरपाशी नाही, कूलरला बोर्डावर धरून ठेवणाऱ्या मूठभर लोखंडापाशी: ब्रॅकेट, स्क्रू आणि बोर्डामागची बॅकप्लेट.

इंटेलच्या बाबतीत लोक गाफील राहण्याला एक कारण आहे. २००९ साली एलजीए ११५६ हे सॉकेट आलं. त्यानंतर ११५५, ११५०, ११५१ आणि २०२० साली १२०० आलं. दर वेळी टोकांची संख्या बदलली, एका सॉकेटचा प्रोसेसर दुसऱ्यात बसेना, पण सॉकेटभोवतीची कूलरची चार भोकं जागची हलली नाहीत. ७५ मिलिमीटर बाजूचा तो चौरस तसाच राहिला. म्हणून ११५५ साठी घेतलेला कूलर १२०० वर निमूट बसायचा आणि ‘इंटेलचा कूलर इंटेलला चालतो’ हा सल्ला दुकानांतून, मित्रांकडून फिरत राहिला. २०२१ च्या अखेरीस बाराव्या पिढीबरोबर एलजीए १७०० आलं आणि चौरसाची बाजू ७८ मिलिमीटर झाली. तो सल्ला तिथेच कालबाह्य झाला, फिरायचा मात्र थांबलेला नाही.

तीन मिलिमीटर म्हणजे प्रत्येक भोक तिरकं बाहेरच्या दिशेनं साधारण दोन मिलिमीटर सरकलं. एवढ्यानं स्क्रू आत जातच नाही. हा फरक तसा प्रामाणिक म्हणायचा, कारण तो लगेच कळतो. खरा त्रास दुसऱ्या फरकाचा आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. एलजीए १७०० मध्ये बसवलेल्या प्रोसेसरचा माथा आधीच्या सॉकेटपेक्षा बोर्डाच्या जवळ असतो, सुमारे पाऊण मिलिमीटर खाली. कूलरचा तळ त्या माथ्यावर दाबून बसावा म्हणून जुन्या ब्रॅकेटच्या खांबांची उंची आणि स्प्रिंगची लांबी ठरवलेली असते. माथाच खाली गेला तर स्क्रू शेवटपर्यंत फिरतात, सगळं घट्ट झाल्यासारखं वाटतं, पण तळ प्रोसेसरवर नुसता टेकलेला असतो किंवा तेवढाही नसतो.

एक उदाहरण घेऊ. २०१७ साली कोअर आय५-७५०० च्या संगणकावर कोणी १२० मिलिमीटर पंख्याचा उभा, टॉवर प्रकारातला कूलर लावला होता. आता त्या जागी आय५-१२६००के आणि १७०० सॉकेटचा बोर्ड येतो आहे. हा प्रोसेसर कूलरशिवाय विकला जातो, म्हणून जुना काढून ठेवला. कूलरच्या खोक्यावर सॉकेटची यादी छापलेली असते: ७७५, ११५एक्स, १३६६ आणि एएमडीची काही नावं. ‘११५एक्स’ म्हणजे ११५० ते ११५६ हे सगळं घराणं. १७०० त्यात नाही, असणं शक्यही नव्हतं. मग माणूस कंपनीच्या संकेतस्थळावर जातो, तिथे त्याच मॉडेलच्या पानावर १७०० चं नाव दिसतं आणि तो निश्चिंत होतो. इथेच घात होतो. पुष्कळ कंपन्या तेच मॉडेल त्याच नावानं वर्षानुवर्षं विकतात आणि मधल्या काळात खोक्यातलं लोखंड बदलतात. पानावरची यादी आजच्या खोक्याची असते, तुमच्या माळ्यावरच्या खोक्याची नव्हे. त्यामुळे प्रश्न ‘हे मॉडेल चालतं का’ असा न विचारता ‘माझ्याकडच्या ब्रॅकेटवर कोणती भोकं आहेत’ असा विचारावा.

तो प्रश्न पट्टीनं सुटतो. भोकाचा मध्य नजरेनं गाठणं अवघड, म्हणून एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. अंतर तेच येतं. मोजायची ती चौरसाची बाजू, कर्ण नाही. घाईत कर्ण मोजला तर ७५ च्या चौरसाचा १०६ भरतो, ७८ च्या चौरसाचा ११० च्या थोडा वर, आणि आपण भलत्याच आकड्यांत अडकतो. जुन्या संगणकाचा बोर्ड कोणता हे आठवत नसेल तर `msinfo32` चालवून `BaseBoard Product` ही ओळ पाहावी. त्या नावावरून सॉकेट लगेच सापडतं.

आपल्या उदाहरणातल्या कूलरच्या ब्रॅकेटला गोल भोकांऐवजी लांबट खाचा आहेत. ७७५ साठी ७२, ११५एक्स साठी ७५ आणि १३६६ साठी ८० मिलिमीटर, असा एकच ब्रॅकेट सगळीकडे चालावा म्हणून त्या ठेवलेल्या असतात. खाच सलग असेल तर स्क्रू ७५ आणि ८० च्या मध्ये, बरोबर ७८ वर थांबवता येतो. हुशार माणसाला हे जमलं की त्याला मोठा आनंद होतो. पण त्यानं आडवं अंतर सोडवलं, उभं नाही. खांब जुन्याच उंचीचे आहेत. शिवाय बोर्ड उलटा केला की आणखी एक अडचण समोर येते: १७०० सॉकेटची स्वतःची मागची पट्टी निराळ्या आकाराची आहे. कूलरची जुनी बॅकप्लेट तिच्यावर सपाट बसत नाही आणि एका कडेनं उचललेली राहते. कानस घेऊन खाच वाढवणारे, वॉशर घालून उंची जुळवणारे लोक आहेत. मी तसं करा म्हणणार नाही. चार कोपऱ्यांवर चार वेगळे दाब आले तर बोर्ड वाकतो, आणि बोर्ड या सगळ्या जुळवाजुळवीपेक्षा महाग असतो.

काही १७०० बोर्डांवर तर ७५ आणि ७८ अशी दोन्ही भोकं दिलेली आहेत. सोय चांगली, पण उंचीचा फरक तिथेही तसाच राहतो. जुन्या कूलरच्या स्प्रिंगांना पुरेसा वाव असेल तर तो भरून निघतो. ठरावीक उंचीवर स्क्रू थांबवणारी रचना असेल तर निघत नाही.

सरळ उपाय म्हणजे कंपनीकडून १७०० साठीचा वेगळा जोडसंच घेणं. ऑस्ट्रियातली नॉक्टुआ ही कंपनी जुना कूलर आणि नवा बोर्ड किंवा प्रोसेसर यांच्या खरेदीच्या पावत्या दाखवल्या की अनेक मॉडेलांसाठी असा संच फुकट पाठवते. इतर कंपन्या तो विकत देतात, काही देतही नाहीत. दुकानात मागताना कूलरचं पूर्ण नाव सांगा. ‘१७०० चा ब्रॅकेट’ एवढंच म्हटलं तर भलत्याच कूलरचा संच हाती येतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या एलजीए १८५१ लाही कूलरची भोकं ७८ मिलिमीटरवरच आहेत, म्हणून १७०० चा संच घेतला तर बहुधा तिथेही उपयोगी पडतो.

संच आला तरी तळ नीट टेकला की नाही, हे पाहूनच ठरवायचं. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट लावून कूलर बसवा. चारही स्क्रू मोटारीच्या चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्या. मग वीज न देता कूलर पुन्हा काढा आणि पेस्टचा ठसा बघा. मधोमध पातळ आणि चहूबाजूंना पसरलेला ठसा असेल तर दाब बरा आहे. एका बाजूला जाड थर राहिला असेल तर ब्रॅकेट तिरका आहे. पेस्टचा गोळा जवळपास जसाच्या तसा असेल तर तळ टेकलेलाच नाही. १७०० चा प्रोसेसर आधीच्यासारखा चौकोनी नाही, एका बाजूनं लांब आहे, त्यामुळे जुन्या कूलरचा तळ दोन्ही टोकांना थोडा कमी पडू शकतो. उष्णता प्रामुख्यानं मधल्या भागातून येते, म्हणून कडेची थोडी उघडी पट्टी फारशी नडत नाही. मधला ठसा अर्धवट असेल तर मात्र काहीतरी चुकलं आहे. पेस्ट पुसून नवी लावा आणि कूलर परत चढवा. शेवटी तो हातानं हलकेच फिरवून पाहा. जागच्या जागी वळत असेल तर दाब कमी आहे.

यानंतर बायोसमध्ये जाऊन काही मिनिटं प्रोसेसरचं तापमान बघत राहा. वाढत जाऊन स्थिरावलं तर विंडोज सुरू करून ताण द्या. इथे आकड्यापेक्षा तो किती वेगानं चढतो याला महत्त्व आहे. ताण देताच काही सेकंदांत पारा शंभराजवळ गेला तर तळ आणि माथ्यात फट आहे. दहा मिनिटांत सावकाश तिथे पोहोचला तर बसवणं ठीक आहे, कूलरची ताकद अपुरी आहे. ही दुसरी शक्यता आपल्या उदाहरणात खरीच आहे: ७५०० ची कमाल नोंद ६५ वॅटची, १२६००के ची १५० वॅटची. चांगला टॉवर कूलर एवढं झेलतो, पण नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल तर परदेशी चाचण्यांतल्या आकड्यांत पंधरा-वीस अंश मिळवूनच अपेक्षा ठेवावी.

एएमडीकडे गोष्ट वेगळी आहे. एएम४ (२०१६) आणि एएम५ (२०२२) या दोन्ही सॉकेटांची भोकं ५४ गुणिले ९० मिलिमीटरच्या आयतात आहेत आणि माथ्याची उंचीही मुद्दाम जुळती ठेवली आहे. तरीही काही एएम४ कूलर एएम५ वर बसत नाहीत, कारण एएम५ ची बॅकप्लेट सॉकेटलाच जोडलेली आहे आणि ती काढता येत नाही. एएम४ वर ती सोडवून स्वतःची बॅकप्लेट लावणारे कूलर म्हणून बाद होतात. बोर्डाच्याच बॅकप्लेटमध्ये स्क्रू घालणारे, किंवा बाजूच्या प्लास्टिकच्या कानांत आकडी अडकवणारे कूलर सहसा विनासायास बसतात. तुमचा कोणता, हे कळायला जुना बोर्ड उलटा करून पाहा: मागे बोर्डाबरोबर आलेलीच पट्टी दिसली तर काम झालं, कूलरच्या खोक्यातली दिसली तर संच मागवा.

एएम४ चा कूलर काढताना मात्र सरळ वर ओढू नका. संगणक दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट ऊबदार करा, बंद करून वायर काढा आणि मग कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. त्या सॉकेटात प्रोसेसर फक्त पिनांच्या पकडीवर धरलेला असतो. पेस्ट वाळलेली असली तर तो कूलरला चिकटून बाहेर येतो आणि येताना पिना वाकवतो. एएम५ वर आणि इंटेलवर प्रोसेसरवरची लोखंडी चौकट त्याला खाली धरून ठेवते, त्यामुळे तिथे ही भीती नाही.