जाड अक्षर, फिकट रंग

बहुतेक हौशी फोटोग्राफर आपलं नाव उजव्या कोपऱ्यात, बारीक वळणदार अक्षरांत टाकतात. दिसतं छान, पण फोटो खालून जरासा कापला की नाव गेलं. म्हणून वॉटरमार्क फोटोच्या आत आणावा लागतो, आणि मग चित्र बिघडण्याची धास्ती सुरू होते.

कास पठारावरचा एक फोटो घेऊ. खाली सीतेची आसवं फुललेली, वर पांढुरकं आभाळ. आभाळ मोकळं म्हणून नाव तिथेच टाकावंसं वाटतं, पण सपाट रंगावरचं अक्षर पुसणं सगळ्यात सोपं. शेजारचा रंग ओढून घेतला की झालं. फुलांची रांग जिथे संपते, त्या गजबजलेल्या पट्ट्यावर नाव असेल तर पुसणाऱ्याला पाकळी न् पाकळी पुन्हा उभी करावी लागते.

बारीक रेघेचा फॉन्ट इथे दोन्हीकडून फसतो. दोन-तीन पिक्सेलची रेघ सहज पुसली जाते. शिवाय फोटो लहान करून पाठवला की देवनागरीतल्या वेलांट्या आणि जोडाक्षरं गिचमिडतात. त्यापेक्षा ‘मुक्त’सारखा साधा फॉन्ट, मध्यम किंवा त्याहून जाड वजनाचा, बरा. अक्षर जाड झालं की रंग फिकट ठेवता येतो, आणि फिकट जाड अक्षर डोळ्यांना ठळक बारीक अक्षरापेक्षा कमी टोचतं, असं माझं मत.

फिकट म्हणजे किती? मी तीस टक्के ओपॅसिटीपासून सुरुवात करतो. पण हा आकडा सगळीकडे सारखा दिसत नाही. उजेडाची मोजणी ० (काळा) ते २५५ (पांढरा) अशी असते. तीस टक्के पांढरं अक्षर ४० उजेडाच्या गडद पानावर पडलं की तिथला उजेड १०४ च्या आसपास जातो, म्हणजे लख्ख दिसतं. तेच २३० च्या आभाळावर जेमतेम २३७ होतं, म्हणजे जवळजवळ गायब. अशा वेळी टक्के वाढवत बसू नये. अक्षराला पुसट काळी सावली द्यावी, म्हणजे उजळ भागातही कड दिसते.

एक खोच आणखी आहे. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी दाखवलं, की एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर जसाच्या तसा असेल तर संगणक त्या फोटोंची तुलना करून त्याचा आकार आणि फिकटपणा शोधतो, आणि खालचं चित्र हिशोबाने परत मिळवतो. जागा बदलून फारसा फरक पडला नाही. प्रत्येक फोटोत अक्षरं किंचित वेडीवाकडी केली, की मात्र पुसल्यावर खुणा मागे राहत होत्या. एखाद-दुसरा फोटो टाकणाऱ्याला याची फिकीर नको. शंभर फोटोंचा अल्बम एकाच ठशाने उरकणाऱ्याने मात्र दर फोटोला अक्षरांना थोडा बाक द्यावा.

शेवटी फोटो मोबाइलवर बघून नावावर बोट ठेवावं. उरलेला फोटो पूर्ण वाटला, तर नाव चुकीच्या जागी आहे.