बोर्डिंग पासचा फोटो कसा वाचावा?

आमच्या वाडीतले बरेच पुरुष आखातात कामाला आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना इंग्रजी अक्षरे लावता येत नाहीत. विमानतळावर सामान देऊन झाले, की हाती पडलेल्या कागदाचा फोटो ते घरी पाठवतात आणि विचारतात, "यात काय लिहिलंय?" घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे शेजारपाजारचे असे फोटोही माझ्याकडे येतात. त्यांपैकी एका काकांचा, मुंबईहून दुबईला जातानाचा फोटो घेऊन हे वाचन कसे करायचे ते सांगते.

प्रथम विमानाचा क्रमांक, तारीख आणि BOM व DXB ही मुंबई-दुबईची चिन्हे पाहिली. पासवर तारीख १५ होती आणि काका विमानतळावर होते १४ च्या रात्री. "तिकीट उद्याचं तर नाही ना?" म्हणून ते घाबरले होते. उत्तर वेळेत होते. पासवर दोन वेळा होत्या, 23:40 आणि 00:40. विमानतळावर दिवस चोवीस तासांचा धरतात. 00:40 म्हणजे मध्यरात्र उलटून चाळीस मिनिटे, तेव्हा तारीख १५ झालेलीच असते. ही सुटण्याची वेळ. 23:40 ही बोर्डिंगची, म्हणजे विमानात चढवायला सुरुवात करण्याची वेळ, ती १४ च्याच रात्रीची. प्रवाशाने पाळायची ती हीच. खाली बारीक अक्षरांत सुटण्याआधी २५ मिनिटे गेट बंद होईल असे छापले होते, म्हणजे सव्वाबाराला दार बंद. सुटण्याची वेळ धरून बसणाऱ्याचे विमान समोर उभे असूनही चुकते.

आता आसन. फोटो हललेला असल्याने ते 270 असे दिसत होते. पण आसनाच्या शेवटी नेहमी अक्षर असते आणि विमानात दोनशे सत्तर रांगा नसतात. तेव्हा शेवटचे शून्य नसून D होते : 27D, सत्ताविसावी रांग. मधे एकच वाट असलेल्या विमानात बहुधा डावीकडे A, B, C आणि उजवीकडे D, E, F अशी आसने असतात. A आणि F खिडकीजवळ, C आणि D वाटेला लागून. काकांना सांगितले, "वाटेवरची पहिली जागा." शेजारी SEQ या अक्षरांपुढे 072 होते. तो आसनाचा आकडा नव्हे, पास मिळालेल्या प्रवाशांमधला अनुक्रम असतो.

सामानाच्या जागी 2/38 होते. याचा अर्थ दोन नग, दोन्हींचे मिळून वजन ३८ किलो. प्रत्येकी ३८ नव्हे, आणि किती नेता येईल त्याची मर्यादाही नव्हे. ती तिकिटावर असते. आपण तीन नग दिले असतील आणि कागदावर दोनच असतील, तर तिथेच काउंटरवर विचारावे. सामानाच्या चिठ्ठीचा दहा आकडी क्रमांक बहुधा पासच्या मागे चिकटवतात. त्यातला दुसरा, तिसरा, चौथा आकडा विमान कंपनीचा (एअर इंडियाचा ०९८) आणि शेवटचे सहा त्या नगाचे. सामान आले नाही तर शोध याच क्रमांकावर लागतो. म्हणून मागच्या बाजूचाही फोटो मागवून घेतला.

उरले गेट. तिथे पहिला आकडा 7 स्पष्ट होता, दुसरा कागदाच्या घडीत गेलेला. वेळ आणि आसन जसे तर्काने लावता आले, तसे गेट लावता येत नाही. ७१ काय नि ७७ काय, दोन्ही संभवतात. पासवरच्या ठिपक्यांच्या चौकोनात नाव, विमान, दिवस, आसन, अनुक्रम भरलेले असतात. गेट आणि बोर्डिंगची वेळ मात्र नसते, कारण ती बदलू शकतात. छापलेले गेट हे पास छापला त्या क्षणाचे असते, तेव्हा फोटो स्वच्छ असला तरी भरवसा फलकावरच ठेवावा. काकांना विमानाचा क्रमांक एकेक अक्षर करून सांगितला आणि तोच फलकावर शोधून त्याच्यासमोरचे गेट पाहायला सांगितले. चित्र जुळवावे तसे त्यांनी ते जुळवले.

फोटो काढताना कागद सपाट ठेवावा, चारही कोपरे यावेत आणि फ्लॅश लावू नये. त्या गुळगुळीत कागदावर तो चमकतो नि नेमका आकडा खातो. फोटो घरच्यांनाच पाठवावा, सर्वांना दिसेल असा लावू नये. त्यावरचे नाव आणि सहा अक्षरांचा आरक्षण क्रमांक मिळाला, की परका माणूसही आपले तिकीट उघडून पाहू शकतो, आणि हीच माहिती त्या चौकोनातही असते.