१९७० च्या अलीकडचे सेकंद, पलीकडचे सेकंद

एखाद्या संस्थेची सभासदांची यादी संगणकातून बाहेर काढली आणि जन्मतारखेच्या रकान्यात तारखेऐवजी -305184600 असा आकडा आला, तर पाहणाऱ्याला पहिल्यांदा फाइल बिघडली असंच वाटतं. शेजारच्या ओळींत साधे, धन आकडे असतात आणि काही मोजक्या सभासदांपुढेच हे उणे चिन्ह दिसतं. नीट पाहिलं तर लक्षात येतं, की हे सगळे सभासद वयाने मोठे आहेत. फाइल ठीक आहे. या मंडळींचा जन्म १९७० च्या आधीचा आहे, एवढंच.

युनिक्स नावाच्या संगणकप्रणालीत वेळ मोजायची पद्धत अगदी सरळ आहे. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्री शून्य धरायचं आणि तिथून सेकंद मोजत जायचं. ही मध्यरात्र ग्रीनिचची, म्हणजे आजच्या भाषेत यूटीसीची. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. १९७० या सालात खगोलशास्त्राचं किंवा इतिहासाचं काहीही नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही प्रणाली घडवत होते, त्या काळातलं हे एक सोयीचं, गोल साल. १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत तर शून्य १ जानेवारी १९७१ ला होतं आणि मोजणी सेकंदाच्या साठाव्या भागात होत होती. त्या हिशेबाने ३२ बिटांची जागा सव्वादोन वर्षांतच भरली असती, म्हणून पुढे पूर्ण सेकंद आले आणि शून्य १९७० ला स्थिरावलं.

शून्याच्या आधीचे क्षण उणे आकड्यांत जातात. एका दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे उणे ८६,४०० हा ३१ डिसेंबर १९६९ च्या सुरुवातीचा क्षण आणि उणे १ म्हणजे त्याच दिवशी रात्रीचे ११ वाजून ५९ मिनिटं ५९ सेकंद.

आता आपला आकडा घेऊ. उणे तीस कोटी एक्कावन्न लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे. त्याला ८६,४०० ने भागलं की ३,५३२ पूर्ण दिवस मिळतात आणि वर १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास उरतात. घोटाळा इथेच होतो. घाईत माणूस ३,५३२ दिवस मागे मोजतो आणि उरलेले साडेपाच तास त्या दिवसाच्या सुरुवातीपासून पुढे धरतो. पण हे साडेपाच तासही मागेच जायचे आहेत. ३,५३२ दिवस मागे गेल्यावर आपण एका मध्यरात्रीवर उभे असतो. तिथून आणखी साडेपाच तास मागे सरकलो, की पाय आदल्या दिवसात पडतो. इमारतीच्या तळघराचे मजले उणे एक, उणे दोन असे खाली मोजतात, पण प्रत्येक मजल्यावर माणूस जमिनीवरच उभा असतो आणि छत वरच असतं. दिवसांचंही तसंच. उणे दिवसातही घड्याळ मध्यरात्रीपासून पुढेच चालतं.

म्हणून नियम असा, की भागाकार नेहमी खालच्या पूर्णांकाला न्यायचा. ३,५३२ नव्हे, ३,५३३ दिवस मागे जायचं आणि त्या दिवसाच्या सुरुवातीपासून ६६,६०० सेकंद, म्हणजे साडेअठरा तास पुढे यायचं. १९६० ते १९६९ या दहा वर्षांत तीन लीप वर्षं धरून ३,६५३ दिवस होतात. त्यातून ३,५३३ वजा केले की १२० उरतात. १ जानेवारी १९६० पासून १२० दिवस पुढे गेलं, की ३० एप्रिल येतो. उत्तर ३० एप्रिल १९६०, संध्याकाळी साडेसहा, यूटीसी. त्यात भारताचे साडेपाच तास मिळवले की मध्यरात्र होते आणि तारीख पडते १ मे १९६०. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं तो दिवस. लिनक्सच्या संगणकावर पडताळा घ्यायचा तर:

```
$ TZ=Asia/Kolkata date -d @-305184600
Sun May  1 00:00:00 IST 1960
```

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचाही पाय इथे घसरतो, कारण भागाकाराची चाल भाषेगणिक बदलते. सी भाषा शून्याकडे झुकते आणि उणे ३,५३२ देते, बाकी उणे १९,८००. पायथनचा पूर्णांक भागाकार खाली जातो आणि उणे ३,५३३ देतो, बाकी ६६,६००. दोन्ही गणितं आपापल्या जागी बरोबर आहेत. पण सीमधली ती उणे बाकी तशीच तास-मिनिटांत मांडली, तर पडद्यावर उणे पाच तास दिसतात किंवा चिन्ह गळून पहाटेचे साडेपाच दिसतात.

दुसरा प्रकार जास्त गमतीचा. काही ठिकाणी हा आकडा ३२ बिटांच्या अशा जागेत ठेवतात, जिथे उणे चिन्हाला वावच नसतो. मग आपला १९६० चा सभासद ६ जून २०९६ ला जन्मणार असं दिसतं. जन्मतारीख भविष्यात गेलेली दिसली, की शंका आधी इथेच घ्यावी. उणे चिन्हाला जागा असली तरी ३२ बिटांत १३ डिसेंबर १९०१ च्या पलीकडे जाता येत नाही. सावित्रीबाई फुले यांचा ३ जानेवारी १८३१ त्यात मावत नाही, त्याला ६४ बिट लागतात.

पण माझ्या मते सगळ्यात छुपी चूक युद्धकाळाची आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं एक तास पुढे केली होती. सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच नव्हे, साडेसहा तास पुढे होती. संगणकांच्या कालविभागांच्या नोंदींत `Asia/Kolkata` या नावाखाली हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. आता १५ मार्च १९४३ ही जन्मतारीख मध्यरात्र धरून या नोंदींनुसार साठवली, तर आकडा होतो उणे ८४,५७,९३,०००. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने मात्र सरसकट साडेपाच तासच मिळवले, तर तो १४ मार्च, रात्रीचे ११ असं सांगतो. वेळ दाखवली नाही, तर उरते फक्त एक दिवस मागे गेलेली तारीख. १९४१ आधीच्या आणि १९४५ नंतरच्या सभासदांच्या तारखा बरोबर आणि मधल्यांच्याच चुकीच्या, असं दिसलं की कारण हेच समजावं.

एक्सेलमध्ये अशी यादी उघडली असेल, तर युद्धकाळ सोडून बाकी तारखांना हे सूत्र पुरतं:

```
=(A2+19800)/86400+25569
```

२५,५६९ हा १ जानेवारी १९७० चा एक्सेलमधला क्रमांक आणि १९,८०० म्हणजे साडेपाच तासांचे सेकंद. उत्तराच्या रकान्याला तारखेचं रूप द्यायला विसरू नका. आकडा बारा अंकी असेल, तर तो मिलिसेकंदांत आहे. आधी हजाराने भागा.

आणि यादी तुम्हीच तयार करणार असाल, तर जन्मतारीख सेकंदांत ठेवूच नका. जन्मदाखल्यावरची तारीख ही तारीख आहे, तिला ना घड्याळ ना कालविभाग. ती `1960-05-01` अशीच लिहून ठेवा.